बहिणीचं हक्कसोड पत्र: बेळगाव भागात ते कसं करायचं आणि पुढं ते कुठं तुटतं

बेळगावात एका दिवाणी वकिलांच्या ऑफिसात मी बरीच वर्षं कारकुनी केली. दिवाळी संपली की आमच्याकडं एक ठरावीक गर्दी व्हायची. भाऊबीजेला बहीण माहेरी आलेली असते, सगळे एका छपराखाली असतात, म्हणून कोणीतरी म्हणतो, "आता आलीच आहे तर सही करूनच जाऊ दे." मग दुसऱ्या दिवशी खानापूर, उचगाव, नाहीतर निपाणीकडून एक जीप येते. त्यात दोन भाऊ, एक बहीण, कधी आई, आणि हातात पहाणीचा उतारा. काम अर्ध्या दिवसात व्हावं अशी सगळ्यांची इच्छा असते. आठ-दहा वर्षांनी त्यांच्यातलेच काही पुन्हा येतात, पण यावेळी दोन वेगळ्या जीपमधून.

हक्कसोड पत्र नेमकं कुठं तुटतं हे मी त्या दुसऱ्या फेरीत शिकलो. म्हणून पत्र कसं करायचं हे सांगताना ते पुढं कसं टिकेल हेही बरोबरच सांगतो. तुम्ही भाऊ असा किंवा बहीण, दोघांनाही ते लागू आहे.

आधी हिस्सा किती ते काढा

बहीण काय सोडते आहे हे माहीत नसताना केलेलं पत्र म्हणजे अंधारात मारलेला खडा. आमच्याकडं येणाऱ्यांपैकी बहुतेकांना वाटायचं, की बहिणीचा हिस्सा म्हणजे "बापाच्या वाट्यातला थोडासा तुकडा". कायदा आता तसं म्हणत नाही.

9 सप्टेंबर 2005 पासून हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या दुरुस्तीनं मुलगी जन्मानं मुलाइतकीच सहहिस्सेदार झाली. त्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत का, यावर बराच घोळ होता. विनीता शर्मा खटल्यात 11 ऑगस्ट 2020 ला सुप्रीम कोर्टानं तो मिटवला: वडील आधीच वारले असले तरी मुलीचा हक्क जात नाही. मात्र 20 डिसेंबर 2004 च्या आधी झालेली रजिस्टर वाटणी किंवा कोर्टाची डिक्री उलटवता येत नाही. "आमची वाटणी तोंडी झाली होती" हे वाक्य आमच्या ऑफिसात रोज ऐकू यायचं. कोर्ट ते सहजासहजी मानत नाही. अगदी तोंडी वाटणीच असेल, तर ती त्या काळच्या सरकारी कागदांवरून पक्की दिसावी लागते.

कर्नाटकानं 1994 मध्येच मुलींना हिस्सा दिला होता, पण त्यात 30 जुलै 1994 च्या आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. त्यामुळं आपल्या भागात जुन्या पिढीतल्या बहिणींना "तुमचं लग्न आधी झालंय, तुम्हाला काही नाही" असं सांगून गप्प बसवलेलं असतं. 2005 नंतर हा भेद उरला नाही. 1990 च्या दशकात बहिणीकडून करून घेतलेल्या जुन्या पत्रावर विसंबणाऱ्या भावांनी म्हणूनच ते पत्र एकदा वकिलाला दाखवावं. त्या पत्रात तिनं जे सोडलं, ते आज तिला असलेल्या हक्काच्या मानानं बरंच कमी असू शकतं.

आता एक हिशोब सोडवू. एक कुटुंब घ्या: वडील, आई, दोन मुलगे आणि एक विवाहित मुलगी. वडिलोपार्जित जमीन 4 एकर 20 गुंठे, म्हणजे 180 गुंठे. वडील 2012 मध्ये मृत्युपत्र न करता वारले.

वडील वारण्याच्या आदल्या क्षणी वाटणी झाली असती तर काय झालं असतं, हे आधी मनात काढायचं. आपला भाग 1956 पर्यंत मुंबई इलाख्यात होता, आणि तिथल्या हिंदू कायद्यात बाप-मुलांच्या वाटणीत आईलाही मुलाएवढा वाटा मिळतो. म्हणजे वाटेकरी पाच: वडील, आई, दोन मुलगे, मुलगी. प्रत्येकी 36 गुंठे. मग वडिलांचे 36 गुंठे त्यांच्या चार वारसांत जातात, प्रत्येकी 9. एकूण आईला 45, दोन्ही भावांना 45-45, आणि बहिणीलाही 45 गुंठे.

हा आकडा जीपमधल्या लोकांना सांगितला की थोडा वेळ कोणी बोलत नसे. भावांना तो जास्त वाटायचा, आणि बहिणीला तो पहिल्यांदाच कळलेला असायचा. पण पत्र करण्याआधी तो तिला कळायलाच हवा. पुढं कोर्टात तिला पहिला प्रश्न हाच विचारला जातो: "तुम्ही किती सोडताय हे तुम्हाला माहीत होतं का?"

कागद गोळा करा

वडिलांचा मृत्यूचा दाखला, नाडकचेरीतून वंशावळ, म्हणजे इथल्या कागदांवर जिला वंशवृक्ष म्हणतात ती. चालू पहाणी, आणि शक्य तितके जुने फेरफार. शहरातली मिळकत असेल तर सिटी सर्व्हेचा उतारा, गावठाणातलं घर असेल तर पंचायतीचा ई-स्वत्तूचा उतारा. शिवाय कावेरी पोर्टलवरून, म्हणजे kaveri.karnataka.gov.in वरून, त्या मिळकतीचा ईसी काढा. त्यात आधीची रजिस्टर पत्रं दिसतात. एका भावानं सगळ्यांना न सांगता जमीन आधीच गहाण टाकलेली असते हे पुष्कळदा ईसीतच पहिल्यांदा कळतं.

वंशावळ नीट बघा. एखादी बहीण वारली असेल, तर तिची मुलं त्या यादीत असली पाहिजेत. लोक "ती गेली, तिचा विषय संपला" म्हणून तिचं नाव गाळतात. विषय संपत नाही, तिचा हिस्सा तिच्या मुलांकडं आणि नवऱ्याकडं जातो. त्यातलं एखादं मूल अठराच्या आत असेल, तर त्याच्या वतीनं बापाला हक्क सोडता येत नाही. आधी कोर्टाची परवानगी लागते. परवानगीशिवाय केलेलं पत्र ते मूल सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत रद्द करायला मागू शकतं.

शंभराच्या बाँडवर काही होत नाही

नव्यानं येणाऱ्यांची सगळ्यात मोठी गैरसमजूत इथं आहे. शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर "मी माझा हक्क स्वखुशीनं सोडत आहे" असं लिहून, नोटरीचा शिक्का मारून आणलेला कागद म्हणजे हक्कसोड नव्हे. शंभर रुपयांहून जास्त किमतीच्या स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर रजिस्ट्रेशन कायद्याच्या कलम 17 नुसार पत्र सब-रजिस्ट्रारकडं नोंदवलंच पाहिजे. नोंदवलं नाही तर हक्क सोडल्याचा पुरावा म्हणून ते कोर्टात चालत नाही.

तसाच दुसरा प्रकार आपल्या भागातला: वर्दी. तलाठ्याकडं वर्दी द्यायची, त्यावर बहिणीचा अंगठा किंवा सही घ्यायची, आणि फेरफारात तिचं नाव कमी करायचं. पहाणीवरून नाव गेलं की भावांना वाटतं, झालं. पण पहाणीतली नोंद म्हणजे महसूल वसुलीची नोंद. तिच्यानं मालकी मिळत नाही आणि जातही नाही. वर्दीवर सही केलेली बहीण वीस वर्षांनीही वाटणीचा दावा घेऊन उभी राहिलेली मी पाहिली आहे. भावांच्या वकिलाकडं तेव्हा दाखवायला तो वर्दीचा कागद सोडून काही नव्हतं.

कोणाच्या नावे सोडताय?

हे वाक्य पत्रात मोघम राहिलं तर भांडण बहिणीशी न होता भावाभावांत होतं. बहीण दोन्ही भावांच्या नावे सोडत असेल तर सोपं आहे: तसं लिहा, आणि कोणाला किती जातं तेही लिहा.

पण बहुतेक वेळा बहिणीचा जीव एका भावावर असतो. धाकट्यानं आई सांभाळली, आजारपणात धावला, म्हणून तिला आपला हिस्सा त्यालाच द्यायचा असतो. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत एका हिस्सेदारानं हक्क सोडला की तो उरलेल्या सगळ्यांना मिळतो, असं जुना हिंदू कायदा मानतो. आणि न विभागलेला हिस्सा बाकीच्यांच्या संमतीशिवाय दान करता येत नाही. त्यामुळं धाकट्याच्या नावे केलेल्या पत्रावर पुढं थोरला म्हणू शकतो, "त्यात माझंही आलं." यावर उपाय साधा आहे. त्याच पत्रात थोरल्या भावाची आणि आईची संमती लिहा आणि त्यांच्या सह्या घ्या. थोरला सही करायला तयार नसेल तर ते आजच कळणं बरं. मग आधी वाटणी करून आपला तुकडा वेगळा काढायचा आणि नंतर तो द्यायचा, हा रस्ता आहे. लांबचा आहे, पण पक्का आहे.

बहीण-भावांमधल्या हक्कसोडीवर कर्नाटकात स्टॅम्प ड्युटी मिळकतीच्या किमतीच्या टक्केवारीत नसते, ठराविक रक्कम असते. पुतण्याच्या नावे करायचं असेल तर आधी विचारून घ्या, तो "कुटुंबा"त धरला जाईल असं गृहीत धरू नका.

भाषेचा प्रश्न, जो फक्त आपल्याकडंच एवढा मोठा आहे

इथं जरा थांबतो, कारण आमच्या ऑफिसात दुसऱ्या फेरीला आलेल्या दाव्यांमध्ये सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य हे: "साहेब, पत्र कन्नडमध्ये होतं. मला वाचता येत नाही. मला सांगितलं वारसा लावायचाय."

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या कित्येक बहिणी मराठी शाळेत शिकलेल्या, आणि लग्न होऊन चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूरकडं गेलेल्या. पत्र मात्र कन्नडमध्ये लिहिलं जातं. वर "हक्कु बिडुगडे पत्र" असं लिहिलेलं असतं आणि बहीण त्याखाली मराठीत सही करते. वाचता येत नाही त्या भाषेतल्या कागदावर सही. कागदाचं स्वरूपच चुकीचं सांगून सही घेतली हे सिद्ध झालं, तर कोर्ट ते पत्र मुळातच नाही असं धरतं. बहिणीला कळत नसताना, भावावर विश्वास ठेवून तिनं सही केली असेल, तर व्यवहार सचोटीचा होता हे दाखवण्याची जबाबदारी भावावरच येऊ शकते. शिकलेली नसलेली, वयस्कर बाई असेल तर हे आणखी कडक होतं.

म्हणून मसुदा तयार झाला की त्याचा मराठी अनुवाद करा आणि तो बहिणीच्या हातात सही करण्याच्या काही दिवस आधी द्या. तो तिच्या घरी जाऊ दे, तिचा नवरा, मुलगा वाचू दे. मराठी प्रतीवरही तिची तारखेसकट सही घ्या आणि ती जपून ठेवा. मूळ पत्रात शेवटी असा मजकूर घाला:

"सदर पत्र मला कन्नडमधून वाचून दाखवले असून त्यातील सर्व मजकूर मराठीत समजावून सांगितला आहे. सदर मिळकतीत माझा हिस्सा 45 गुंठे आहे व तो मी सोडत आहे, हे मला समजले आहे. सदर पत्राची मराठी प्रत मला दिनांक ... रोजी मिळाली आहे."

हे वाक्य लिहून मोकळं व्हायचं नाही. लोक हा मजकूर टंकून घेतात आणि समजावत कोणीच नाही. मग उलटतपासणीत साक्षीदार म्हणतो, "मी तिथं होतो, पण मराठीत कोणी काही सांगितलं नाही," आणि सगळं संपतं. समजावून सांगणाऱ्यानंही खाली सही करावी. तो वकील असेल तर उत्तम.

साक्षीदार दोन लागतात. ते भावाचे मित्र नकोत. एक बहिणीच्या सासरकडचा असावा, शक्यतो तिचा नवरा किंवा मोठा मुलगा. तिच्या हक्काला नवऱ्याच्या संमतीची कायद्यानं गरज नाही, हे स्पष्ट सांगतो. पण पुढं "आम्हाला न सांगता केलं" म्हणून सगळ्यात आधी जो दावा घालायला लावतो, तो बहुतेक वेळा तोच असतो.

बहीण वयस्कर असेल, नुकतंच ऑपरेशन झालेलं असेल, तर त्या आठवड्यातला डॉक्टरचा दाखला जोडा. ती अंथरुणावर असेल तर सब-रजिस्ट्रारला घरी बोलावण्याची तरतूद कायद्यात आहे. मुखत्यारपत्रावर हे काम मात्र टाळा. बहीण कोल्हापूरला आणि तिच्या वतीनं मुखत्यार म्हणून सही करणारा थोरल्या भावाचा मेहुणा, अशी रचना कोर्टात फार वाईट दिसते.

पैसे ठरले असतील तर लिहा

"बहिणीनं प्रेमापोटी, काहीही न घेता हक्क सोडला" हे वाक्य डीड रायटर सवयीनं टाकतो. प्रत्यक्षात पाच लाख ठरलेले असतात, दोन दिलेले असतात, तीन "ऊस गेल्यावर". ऊस जातो, तीन लाख येत नाहीत, आणि बहिणीकडं पाठपुरावा करायला एक ओळही नसते. भावाच्याही अंगावर हे उलटतं: खोटं लिहिलेलं एक वाक्य सापडलं की कोर्ट बाकीच्या वाक्यांकडंही संशयानं बघतं. पैसे ठरले असतील तर रक्कम, तारीख आणि चेकचा नंबर पत्रात लिहा, आणि सगळे पैसे सहीच्या आधी बँकेतून द्या. नुसती साडीचोळी दिली असेल तर तसं. त्याची लाज वाटायचं कारण नाही.

नोंदणीचा दिवस

कावेरी पोर्टलवर पक्षकारांची आणि मिळकतीची माहिती भरायची, मसुदा चढवायचा, सब-रजिस्ट्रार ऑफिसनं तपासल्यावर स्टॅम्प ड्युटी आणि फी भरायची, आणि वेळ घ्यायची. हे काम बहुतेक लोक वकील किंवा डीड रायटरकडूनच करून घेतात. 2024 पर्यंत मिळकत ज्या सब-रजिस्ट्रारच्या हद्दीत, तिथंच जावं लागायचं; आता मिळकत ज्या जिल्ह्यात, तिथल्या कोणत्याही सब-रजिस्ट्रारकडं जाता येतं. सही केल्यापासून चार महिन्यांच्या आत नोंदणी झाली पाहिजे.

सब-रजिस्ट्रारसमोर बहिणीचा फोटो आणि अंगठा घेतात आणि तिला विचारतात की पत्र तुम्हीच करून दिलंय का. तिथं तिनं नीट उत्तर द्यावं, भावानं मधे बोलू नये. हा प्रश्न मराठीत विचारायला सांगा. एकदा एका बाईनं कन्नड प्रश्नाला नुसती मान हलवली होती. पुढं सात वर्षं तो दावा त्या मान हलवण्यावर चालला.

जमीन सीमेच्या दोन्ही बाजूला असेल, म्हणजे काही गुंठे बेळगाव तालुक्यात आणि काही चंदगडला, तर एकाच पत्रात सगळं घालण्याचा मोह आवरा. दोन राज्यांची स्टॅम्प ड्युटी वेगळी, महसूल दप्तर वेगळं. दोन पत्रं करा.

नोंदणी झाली की पत्र भूमी प्रणालीकडं जातं आणि फेरफाराची नोटीस निघते. हरकतीची मुदत संपल्यावर पहाणीवर बदल येतो. तो आला की नाही हे स्वतः बघा. पंचायतीतलं घर किंवा महापालिकेतली मिळकत असेल तर तिथं वेगळा अर्ज द्यावा लागतो. नोंदवलेल्या पत्राची एक प्रमाणित प्रत बहिणीकडंही असू दे. प्रत लपवणारा भाऊ पुढं संशय विकत घेतो.

आता मुख्य अडचण: आजचा हक्क सोडता येतो, उद्याचा नाही

वरच्या कुटुंबाकडं परत जाऊ. समजा बहिणीनं 2014 मध्ये आपले 45 गुंठे दोन्ही भावांच्या नावे नोंदवून सोडले. पत्र चोख, मराठीत समजावलेलं, साक्षीदार तिच्या सासरचे. भावांकडं आता 67 गुंठे 8 आणे प्रत्येकी, आणि आईकडं 45. पहाणीवर मात्र आईचं नाव काढून टाकून दोन्ही भावांची नावं लावली, कारण "आई काय, आमच्याकडंच आहे". आई 2022 मध्ये मृत्युपत्र न करता वारली.

आईचे 45 गुंठे पहाणीवर नसले तरी कायद्यानं तिचेच होते. आईच्या मागं तिचे वारस तिघं: दोन मुलगे आणि मुलगी. प्रत्येकी 15 गुंठे. म्हणजे 2014 मध्ये हक्क सोडलेल्या बहिणीकडं 2022 मध्ये पुन्हा 15 गुंठे आले. तिचं जुनं पत्र याच्या आड येत नाही, कारण 2014 मध्ये हा हक्क जन्मालाच आला नव्हता.

भावांनी 2023 मध्ये सगळे 4 एकर 20 गुंठे बेळगावच्या एका माणसाला विकले. बहिणीनं वाटणीचा दावा घातला आणि 15 गुंठे मागितले. घेणाऱ्याच्या वकिलानं हक्कसोड पत्र दाखवलं. पण तिला ते पत्र रद्द करायचंच नव्हतं. तिचं म्हणणं एवढंच: आईचा हिस्सा. हा दावा जिंकणं पहिल्या प्रकारच्या दाव्यापेक्षा कितीतरी सोपं असतं, कारण त्यात फसवणूक सिद्ध करायची नसते. वंशावळ आणि आईचा मृत्यूचा दाखला बस.

"मग पत्रातच लिहून टाकू, की आईच्या हिश्श्यातलाही हक्क सोडला." हे प्रत्येक जण सुचवतो. आई जिवंत असताना बहिणीकडं आईच्या हिश्श्यात हक्क नसतो, फक्त आशा असते. आणि नुसती आशा हस्तांतरित करता येत नाही, असं संपत्ती हस्तांतरण कायद्याचं कलम 6 सांगतं. बहिणीनं त्यासाठी ठोस मोबदला घेतला असेल, तर कोर्ट तिला पुढं मागे फिरू देत नाही असे निकाल आहेत. पण त्या भरवशावर जमीन विकू नये. वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीचंही तसंच: वडील जिवंत असताना मुलीकडून त्या मिळकतीचं हक्कसोड घेणं म्हणजे नसलेली वस्तू सोडवून घेणं. वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी सहहिस्सेदार असल्यामुळं वडील असतानाही ती आपला वाटा सोडू शकते, पण वडील वारल्यावर त्यांच्या वाट्यातला तुकडा पुन्हा तिच्याकडं येतो.

याला उपाय तीन. आईनंही त्याच वेळी आपले 45 गुंठे रजिस्टर दानपत्रानं किंवा वाटणीपत्रात ज्याला द्यायचे त्याला देऊन टाकावेत. पण मग आईच्या हातात काही उरत नाही, हे तिला आधी सांगा. ती म्हातारपणी कोणाच्या जिवावर राहणार, हा प्रश्न पत्र लिहिणाऱ्याला पडत नाही, पण मला पडतो. किंवा आईनं रजिस्टर मृत्युपत्र करावं, म्हणजे ती असेपर्यंत जमीन तिची. किंवा आई गेल्यावर बहिणीकडून दुसरं हक्कसोड पत्र घ्यावं. तिसरा मार्ग सगळ्यात सरळ, पण त्यात बहीण तेव्हा नाही म्हणू शकते. भावांना नेमकी तीच भीती असते.

बहिणीला पत्र मोडायचं असेल तर

पत्रावर तुमची सही आहे, म्हणून नुसता वाटणीचा दावा पुरत नाही. आधी ते पत्र रद्द करण्याची मागणी करावी लागते, आणि त्याची कोर्ट फी मिळकतीच्या किमतीवर बसते. मुदत तीन वर्षं. ती मोजायची फसवणूक किंवा दबाव तुम्हाला कळला त्या दिवसापासून. "मला आत्ता कळलं" हे म्हणणं सोपं आहे, टिकवणं अवघड. पत्र झाल्यानंतर तुम्ही एकदा पहाणी काढली असेल, भावाशी त्यावरून भांडला असाल, तर तो दिवस धरला जातो. संशय आला त्याच आठवड्यात तारीखवार लिहून ठेवा आणि वकिलाकडं जा. पत्राची प्रमाणित प्रत सब-रजिस्ट्रार ऑफिसातून काढा आणि सगळ्यात आधी त्यात कोणकोणत्या सर्व्हे नंबरांचा उल्लेख आहे ते पाहा. घाईत केलेल्या पत्रात एखादा नंबर सुटलेला असतो. त्या नंबरातला तुमचा हक्क कधी गेलेलाच नसतो, आणि तो मागायला काहीही रद्द करावं लागत नाही.

भावांनीही तीच यादी वाचावी, पण सहीच्या आधी. विहिरीचा नंबर, गावठाणातला खळा, आणि गोठ्याची जागा या तीन गोष्टी दर दोन पत्रांमागं एका पत्रात राहून जातात.